मातीकामाच्या शिबिरात मुलांची नावं घालताना

उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या मातीकाम शिबिरांच्या दोन जाहिराती माझ्यासमोर होत्या. वयोगट दोन्हीकडे ६ ते १२ आणि फी जवळपास सारखीच. एक शिबिर सलग पाच दिवसांचं होतं. दुसऱ्यात सोमवार ते शुक्रवार काम, मग आठवडाभराहून जास्त सुट्टी आणि त्यानंतरच्या सोमवारी-मंगळवारी रंगकाम. मधल्या सुट्टीमुळे आमचं गावाला जाणं अडत होतं, म्हणून माझा कल साहजिकच पहिल्याकडे होता. पण त्या जाहिरातीत ‘भाजलेली वस्तू पाचव्या दिवशी घरी न्या’ असं होतं. ते कसं जमतं, हे मी दुसऱ्या शिबिराच्या ताईंना फोन करून विचारलं.

त्या म्हणाल्या, “पाच दिवसांत सुकवून भाजणं फक्त पातळ, छोट्या पणतीएवढ्या वस्तूंना जमेल. मुलं हत्ती नाहीतर डायनासोर करणार, त्यांचं काय?”

अडचण जाडीची असते. माती वरून कोरडी दिसली तरी पोटात ओल राहते. भट्टीचं तापमान १०० अंशांच्या पुढे गेलं की त्या ओलीची वाफ होते, तिला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही तर वस्तू फुटते आणि तिचे तुकडे शेजारच्या कामांवर उडतात. म्हणून ताई वस्तू गालाला लावून बघतात. गार लागली तर आत अजून पाणी आहे. भर उन्हात ठेवून घाई करावी तर शेपूट आणि कान आधी सुकून आक्रसतात, धड ओलंच राहतं आणि जोडावर तडा जातो. त्यामुळे पहिले काही दिवस काम प्लास्टिकखाली झाकून, सावलीत, सावकाश सुकवायचं. मधल्या सुट्टीचा बहुतेक वेळ यातच जातो. दुसऱ्या शनिवारी भट्टी लागते, रविवारी ती बंदच ठेवून थंड होऊ देतात आणि सोमवारी मुलांच्या हातात रंग येतात. हे ऐकल्यावर ते वेळापत्रक मला पटलं.

मोठी कामं बुधवारपर्यंत संपवायची, गुरुवार-शुक्रवारी फक्त लहान वस्तू करायच्या, असंही त्यांनी ठरवलेलं होतं. उशिरा केलेलं जाड काम त्या भट्टीत जाणारच नाही.

मग वयाचा प्रश्न आला. माझी धाकटी सात वर्षांची, थोरला दहाचा. दोघांना एकाच बॅचला घाला, म्हणजे सोडायला-आणायला एकच फेरी, अशी मी गळ घातली. ताईंनी ऐकलं नाही. ६ ते ८ वयाची बॅच एका तासाची. त्यात गोळ्यात अंगठा खुपसून वाटी करायची, वळ्या लाटून एकमेकींवर चढवायच्या. ९ ते १२ ची दोन तासांची, कारण त्यांना डायनासोरचं पोट तारेनं कापून, आतून कोरून, बोटाच्या जाडीएवढी भिंत ठेवून पुन्हा जोडायचं असतं. जोडताना दोन्ही कडांवर ओरखडे काढून पातळ माती लावावी लागते. नुसतं दाबून चिकटवलेलं पाय-शेपूट सुकताना गळून पडतं. एवढा धीर सातव्या वर्षी बहुतेकांना नसतो आणि खरं सांगायचं तर आमच्या धाकटीला तो मुळीच नाही. दोन फेऱ्या मान्य केल्या.

फीचा कागद मी सगळ्यात बारकाईनं वाचला. माती, अवजारं आणि रंग फीमध्ये होते. भाजणावळ मात्र प्रत्येक मुलाच्या एकाच वस्तूची, कारण भट्टीत जागा मोजकी. जास्तीच्या वस्तूला वेगळे पैसे, नाहीतर ती कच्चीच घरी न्यायची. कच्ची वस्तू पाण्यात विरघळते, हे मुलांना आधीच सांगून ठेवा असं त्यांनी बजावलं. भाजलेल्या भांड्यावर रंगही साधेच असतील, काचेसारखी झिलई नाही, तेव्हा त्यातून काही खायचं-प्यायचं नाही. भाजताना तडकलं तर भरपाई नाही, हे कलम मला आधी आडमुठं वाटलं होतं. गालाची गोष्ट ऐकल्यावर मी मुकाट सही केली.

बुडलेला दिवस भरून मिळणार नाही, कारण तोवर अर्धवट काम कडक झालेलं असतं, असं शेवटच्या ओळीत होतं. म्हणून गावाला जाणं सरळ मधल्या सुट्टीत ढकललं आणि दोन्ही अर्ज भरून दिले. थोरल्याच्या अर्जावर ‘काय बनवायचं आहे’ या रकान्यात त्यानं ‘लांब मानेचा डायनासोर’ लिहिलंय. ताईंनी तिथंच पेन्सिलीनं ‘मानेला आधार’ अशी टीप केली.