पावणेदोन किलो शेंगदाणे

माझं बालपण बंगळुरूत गेलं. घरात मराठी बोलत असू, पण बाजारात कानडी आणि शाळेत इंग्रजी. त्यामुळे सव्वा, दीड, अडीच, पावणे हे शब्द मला फक्त घड्याळातले ठाऊक होते. पुण्यात आल्यावर मावशीच्या दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी हळूहळू माझ्याकडे आल्या, आणि सोबत तिची वही आली. त्या वहीत ग्रॅम कुठेच नव्हते. ‘चिवडा, दोन घरं: पातळ पोहे साडेचार, दाणे पावणेदोन, डाळं सव्वा, खोबरं पाऊण.’ बस, एवढंच. मावशीला आणि भुसाराच्या दुकानातल्या काकांना एवढं पुरत होतं. मला ते पुरेसं व्हायला एक पूर्ण दिवाळी जावी लागली. ती शिकण्याची वाट इथे लिहिते आहे, कारण माझ्यासारखी बाहेर वाढलेली मराठी मुलंमुली पुष्कळ आहेत.

घड्याळाची सवय मदत करते, पण तिच्यात एक खड्डा आहे. सव्वा वाजले म्हणजे घड्याळावर १:१५ दिसतं, आणि पावणेदोन म्हणजे १:४५. काट्यावर मात्र सव्वा किलो १.२५० असतं आणि पावणेदोन किलो १.७५०. तासाचा चौथा हिस्सा पंधरा मिनिटं, किलोचा चौथा हिस्सा अडीचशे ग्रॅम. शब्द तोच, हिस्साही तोच, फक्त ज्याचा हिस्सा करायचा ती वस्तू बदलली. हे एकदा मनात बसलं की आकडा आपोआप बरोबर येतो. तोवर हात १.१५ कडे ओढला जातो.

मावशीने मला याद्या पाठ करायला दिल्या नाहीत. तिने पावकी म्हणायला लावली. जुन्या शाळांमध्ये पाढ्यांच्या पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी पाठ करून घेत. तिला त्यातल्या बऱ्याचशा अजून येतात. पावकी ती अशी म्हणते: एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक, पाच पाव सव्वा, सहा पाव दीड, सात पाव पावणेदोन, आठ पाव दोन, नऊ पाव सव्वादोन, दहा पाव अडीच.

या एका पाढ्यात जवळजवळ सगळे शब्द क्रमाने येतात, आणि त्यांची बैठकही दिसते. दर चार पावांनी एक पूर्ण होतो. पूर्ण झाल्यावर एक पाव पुढे गेलं की सव्वा, पुढचा पूर्ण व्हायला एक पाव कमी असलं की पावणे. मधोमध अर्धा. म्हणून सव्वातीन म्हणजे तिनाच्या पुढे पाव, पण पावणेतीन म्हणजे तिनाच्या मागे पाव, दोनवर पाऊण. साडे मात्र तीनपासून सुरू होतं: साडेतीन, साडेचार, साडेपाच. साडेएक आणि साडेदोन कुणी म्हणत नाही, कारण त्या दोन जागा दीड आणि अडीचने आधीच घेतल्या आहेत. एकाच्या आतही तसंच, ‘पावणेएक’ हे घड्याळापुरतं. वजनात तिथे पाऊणच. पावणे कधी एकटं येत नाही, त्याच्यामागे आकडा लागतोच. सव्वा एकटं आलं तर सव्वा एक समजायचं.

पुढची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. पावचा हिस्सा नेहमी शेवटी जे परिमाण बोललं जातं त्याचा असतो. सव्वा किलोत पाव म्हणजे अडीचशे ग्रॅम, सव्वा क्विंटलमध्ये पाव म्हणजे पंचवीस किलो. सव्वाशे १२५, पावणेदोनशे १७५, सव्वादोनशे २२५, अडीचशे २५०, पाऊणशे ७५. तेच हजारावर गेलं की सव्वा हजार १,२५०, आणि लाखावर गेलं की पावणेदोन लाख १,७५,०००. केळी डझनाने घ्यायची असतील तर पाऊण डझन नऊ, सव्वा डझन पंधरा, दीड डझन अठरा. सराफाकडे आता तोळा दहा ग्रॅमचा धरतात, म्हणून पाऊण तोळा साडेसात ग्रॅम. मी आधी परिमाण ऐकायची सवय लावली. काका ‘पावणेदोन…’ म्हणाले की शेवटी शे येतं की किलो, तिकडे कान ठेवायचा.

आता वहीतली तीच ऑर्डर. दुकानात त्या दिवशी पातळ पोहे ८० रुपये किलो, शेंगदाणे १४०, डाळं १२०, सुकं खोबरं २४०. काका यंत्राकडे न बघता बिल सांगत होते आणि मी कागदावर मांडत होते. पोहे साडेचार किलो: चार किलोचे ३२०, वर अर्ध्याचे ४०, झाले ३६०. शेंगदाणे पावणेदोन: दोन किलोचे २८०, त्यातून पाव किलोचे ३५ वजा, २४५. डाळं सव्वा: १२० आणि वर ३०, दीडशे. खोबरं पाऊण: किलोच्या २४० मधून पाव किलोचे ६० काढले, १८०. एकूण ९३५.

मी शाळेत १.७५ गुणिले १४० असं शिकले होते आणि कागदावर तेच करत होते. काकांचं उत्तर माझ्या आधी तयार असायचं, कारण शब्दातच पुढचं काम सांगितलेलं आहे. पावणे ऐकलं की पुढचा पूर्ण आकडा घ्या आणि पाव वजा करा. सव्वा ऐकलं की पाव मिळवा. साडे ऐकलं की अर्धा मिळवा. पाव काढायचा तर किंमत निम्मी करा, ती पुन्हा निम्मी करा: १४० चे ७०, ७० चे ३५. भाव ९५ असला तरी हीच वाट. निम्मे साडेसत्तेचाळीस, त्याचे निम्मे पावणेचोवीस. पावणेदोन किलोचे मग १९० वजा पावणेचोवीस, म्हणजे १६६ रुपये २५ पैसे. दुकानात १६६ घेतात. माझं गणित त्यानंतर बदललं. आता मी दशांश चिन्ह फक्त काट्यावर वाचते.

भाजीबाजारात आणखी एक रीत पकडावी लागते, तिथे भावही पावचा सांगतात. गवार, मटार, फरसबी यांसारख्या महाग भाजीला ‘चाळीसला पाव’ म्हणतात, म्हणजे किलोला १६०. कांदे-बटाट्यांचा भाव त्याच गाडीवर किलोचा असू शकतो. म्हणून आकड्याच्या मागे ‘पाव’ आहे का ते ऐकायचं, आणि नसेल तर ‘किलोचे ना?’ असं विचारायचं. कुणी वाईट मानत नाही. अर्धा किलो घ्यायची असेल तर त्या भावाच्या दुप्पट, पाऊण किलोला तिप्पट. इथे पावकी पुन्हा उपयोगी पडते, फक्त उलट्या बाजूने.

याच बाजारात जुना तराजू वापरणाऱ्या एका आजींकडे मला पाऊणचा अर्थ हातात दिसला. आपल्याकडची वजनं पन्नास, शंभर, दोनशे, पाचशे ग्रॅम, एक किलो, दोन किलो अशी असतात. अडीचशेचं एकच वजन त्यात नसतं, म्हणून पाव किलोला दोनशे आणि पन्नास मिळून लागतात, आणि पाऊण किलोला पाचशे, दोनशे, पन्नास. आजींचं पाचशेचं वजन दुसऱ्या टोपलीत अडकलं होतं. त्यांनी एका पारड्यात किलो ठेवला आणि दुसऱ्यात भाजीसोबत दोनशे-पन्नास टाकले. दांडी सरळ झाली, भाजी पाऊण किलो. पाव वजा करणं इतकं सरळ त्या पारड्यात उभं होतं.

फोनवरच्या ऑर्डरीत वेगळी काळजी लागते. पाव आणि पाऊण हे शब्द आवाज तुटला की सारखेच ऐकू येतात, आणि फरक एकदम अर्ध्या किलोचा पडतो. मी ऑर्डर उलट बोलताना शब्द बदलून बोलते. गिऱ्हाइकाने ‘चकली पाऊण किलो’ म्हटलं की मी ‘म्हणजे साडेसातशे ग्रॅम’ म्हणते; ‘पाव’ म्हटलं की ‘अडीचशे’. पावणेतीन आणि सव्वातीन यांची शंका आली तर ‘पाव कमी तीन की पाव जास्त?’ असं विचारते. तेच शब्द परत म्हणण्याने काही तपासलं जात नाही, चुकीचं ऐकलेलंच दुसऱ्यांदा बरोबर वाटतं.

या शब्दांची हद्दही आहे. ते पावाच्या पटीत चालतात. पावच्या निम्म्याला अदपाव, म्हणजे १२५ ग्रॅम, हा शब्द अजून वेलची-जायफळासारख्या जिनसांना ऐकू येतो. पण सहाशे ग्रॅम किंवा एक किलो तीनशे यांना असा शब्द नाही; ते ग्रॅममध्येच सांगावं लागतं. पाकिटं २०० ग्रॅमची आली की वहीतल्या पाव किलोला एक पाकीट कमी पडतं आणि दोन जास्त होतात. अशा जिनसा मी सुट्याच घेते.

मावशीची वही मी तशीच ठेवली आहे. माझ्या नव्या पानांवरही मी साडेचार, पावणेदोन असंच लिहिते, आणि समासात ग्रॅम पेन्सिलीने. मदतीला येणारी मुलगी सोलापूरची आहे. तिला समासाकडे बघावंच लागत नाही.