बिलातल्या ओळीवरची सूट आणि जीएसटी: पैशापर्यंत हिशेब जुळवण्याचा माझा अनुभव

इलेक्ट्रिकल मालाच्या घाऊक दुकानाची बिलं एक्सेलमध्ये बसवली, तेव्हा सगळ्यात जास्त विचार सुटीच्या रकान्यावर करावा लागला. या धंद्यात प्रत्येक ओळीवर सूट वेगळी असते. स्विचवर एक, वायरीवर दुसरी, डीबीवर तिसरी. शिवाय कंपनीची सूट ‘४०+५’ अशी लिहून येते, त्यामुळे पहिली चूक तिथेच होते.

४०+५ म्हणजे ४५ टक्के नव्हे. आधी ४० टक्के वजा होतात आणि उरलेल्या ६० वर ५ टक्के, म्हणजे हातात ५७ उरतात. एकूण सूट ४३ टक्के. हे आकडे नीट बसतात. पण ३७.५+७.५ असेल तर एकत्र सूट ४२.१८७५ टक्के होते. टक्क्याच्या रकान्यात दोनच दशांश घेतले तर ४२.१९ पडतं, आणि ८४,००० रुपयांच्या ओळीवर दोन रुपये दहा पैसे जास्त सूट जाते. म्हणून टक्क्याचा रकाना मी चार दशांशांचा ठेवतो.

दुसरा प्रश्न, सूट दरावर काढायची की रकमेवर? स्विचचा लिस्ट दर १४.७५ धरू, नग १,२०० आणि सूट ४३ टक्के. निव्वळ दर येतो ८.४०७५. बिलावर तो ८.४१ छापला आणि त्यालाच नगांनी गुणलं तर १०,०९२ रुपये होतात. रकमेवर सूट काढली तर १७,७०० वजा ७,६११, म्हणजे १०,०८९. नग जितके जास्त, तितका हा फरक वाढत जातो. निव्वळ दर गिऱ्हाइकाला दाखवायचा असेल तर खुशाल दाखवा, पण त्याच्यावरून पुढचं काही काढू नका.

राज्यातल्या राज्यात विक्री, कर १८ टक्के, असं धरून एका ओळीची सूत्रं अशी ठेवली:

```
E2: =ROUND(C2*D2,2)        नग × दर
G2: =ROUND(E2*F2/100,2)    सूट
H2: =ROUND(E2-G2,2)        करपात्र रक्कम
I2: =ROUND(H2*9/100,2)     सीजीएसटी
J2: =I2                    एसजीएसटी
K2: =ROUND(H2+I2+J2,2)     ओळीची एकूण
```

करपात्र रक्कम टक्क्यावरून पुन्हा काढायची नाही, ती वजाबाकीनेच यायला हवी. नाहीतर छापलेले तीन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि गिऱ्हाइकाचा अकाउंटंट नेमकं तेच तपासतो. तसंच, सीजीएसटी आणि एसजीएसटी हे दोन्ही ९ टक्क्यांनीच काढायचे. १८ टक्के एकत्र काढून अर्धे करू नयेत. वायरीची सात बंडलं १,८६५.५० दराने १३,०५८.५० होतात. १२.५ टक्के सूट १,६३२.३१ गेली की ११,४२६.१९ राहतात. त्याचे ९ टक्के १,०२८.३६, दोन्ही मिळून २,०५६.७२. पण १८ टक्के एकदम काढले तर २,०५६.७१ येतात आणि तो शेवटचा विषम पैसा दोन सारख्या भागांत बसत नाही.

हेच व्हीबीएमध्ये लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. शीटमधलं `ROUND(0.125,2)` ०.१३ देतं, तर व्हीबीएमधलं `Round(0.125, 2)` ०.१२ देतं, कारण नेमका अर्धा आला की ते सम अंकाकडे झुकतं. एकाच बिलात दोन्ही वापरले तर पैशाचा फरक कुठून आला ते शोधत बसावं लागतं.

कर ओळीओळीने काढायचा की बेरजेवर एकदाच? करपात्र १२.०५ रुपयांच्या दहा ओळी असतील तर प्रत्येकीचा सीजीएसटी १.०८, म्हणून एकूण १०.८०. बेरजेवर १२०.५० चे ९ टक्के १०.८५ होतात. मी ओळीचाच धरतो, कारण ई-इन्व्हॉइसमध्ये कर प्रत्येक वस्तूपुढे द्यावा लागतो. एक पद्धत ठरली की ती सगळीकडे तीच ठेवायची.

आता खरी गोम. सूट कराआधी की करानंतर? स्विचच्या त्याच ओळीवर आणखी ५ टक्के द्यायचे आहेत असं समजा. ओळीची एकूण रक्कम करासह ११,९०५.०२ आहे. करानंतर ५ टक्के कापले तर ११,३०९.७७ होतात. कराआधी कापले तर करपात्र रक्कम ९,५८४.५५, दोन्ही कर मिळून १,७२५.२२ आणि बेरीज पुन्हा ११,३०९.७७! गिऱ्हाइकाने द्यायची रक्कम पैशासकट सारखी, म्हणून ही चूक बिलाच्या तळाकडे बघून कधीच सापडत नाही.

फरक करात आहे. करानंतर कापलं तर बिलावर कर १,८१६.०२ चाच राहतो आणि तेवढाच भरावा लागतो. म्हणजे ९०.८० रुपये विक्रेत्याच्या खिशातून जातात, आणि मालाचे ९,५८४.५५ ऐवजी ९,४९३.७५ उरतात. कायदा मात्र विक्रेत्याच्या बाजूने आहे. सीजीएसटी कायद्याच्या कलम १५(३)(अ) नुसार, विक्रीआधी किंवा विक्रीच्या वेळी दिलेली आणि बिलात नोंदलेली सूट करपात्र मूल्यात धरली जात नाही. तेव्हा बिल करताना माहीत असलेली प्रत्येक सूट ओळीतच, कराच्या वर घ्यावी. ‘तळाशी वजा’ या रकान्याची सवय इथे महागात पडते.

ई-इन्व्हॉइस करणाऱ्यांना हा फरक फाइलमध्येच दिसतो. वस्तूपुढच्या `Discount` मध्ये टक्का नव्हे, रुपये भरायचे असतात, आणि `TotAmt` मधून ते वजा होऊन `AssAmt` येतं. `ValDtls` खालीही एक `Discount` असतं, पण ते बिलाच्या एकूण रकमेतून कापलं जातं आणि कराला हात लावत नाही. ओळीवरची सूट चुकून तिथे गेली की वरचेच ९०.८० जातात.

एमआरपीवर सूट असेल तर वाट उलटी. किंमत करासह ४९९, सूट १५ टक्के, नग ३. आधी करासह रक्कम १,४९७, सूट २२४.५५, राहिले १,२७२.४५. त्याला १.१८ ने भागलं की करपात्र १,०७८.३५ आणि दोन्ही कर प्रत्येकी ९७.०५. बेरीज बरोबर १,२७२.४५. इथे १,२७२.४५ मधून सरळ १८ टक्के कापणारे बरेच भेटतात. त्यांना १,०४३.४१ मिळतात, म्हणजे जवळजवळ पस्तीस रुपये कमी. करासह रकमेत कर ११८ पैकी १८ असतो.

आधी एका नगाचा करपूर्व दर ४२२.८८ करून पुढे गेलं तर साठ नगांच्या बिलात २५,४४९ ऐवजी २५,४४८.९२ येतात. काउंटरवर ‘१५ टक्के सूट’ वाचून गिऱ्हाइकाने मोबाइलवर गुणाकार केलेला असतो, त्याला हे आठ पैसे दिसतात. ओळीत करपूर्व ढोबळ रक्कम दाखवावी लागली तर १,४९७ ला १.१८ ने भागून १,२६८.६४ घ्यावे, आणि सूट वजाबाकीने १९०.२९ लिहावी. टक्क्याने काढली तर १९०.३० येते आणि ओळ एका पैशाने तुटते.

रुपयात पूर्णांक करणं फक्त शेवटी, एकदाच, ‘राउंड ऑफ’ या वेगळ्या ओळीत. वरची स्विच आणि वायर मिळून २५,३८७.९३ होतात, तर राउंड ऑफ ०.०७ अधिक आणि बिल २५,३८८. हा आकडा कधी पन्नास पैशांच्या पुढे दिसला, तर तो राउंड ऑफ नाही. वर कुठेतरी एखादी ओळ चुकलेली असते.