शाफ्टला विचारा

“अहो, वॉशिंग मशिनचं एक बटण ते काय! बाजारात मिळेल की. त्यासाठी कॅलिपर आणि कॉम्प्युटर घेऊन कशाला बसता?”

असं तुम्ही म्हणाल. आमच्या मशिनचं मॉडेल बाजारातून बंद झालंय. तसं बटण दोन दुकानांत मिळालं नाही. तिसऱ्या दुकानात मी गेलो नाही, हेही खरं.

पण माझी चूक वेगळीच होती. टायमरचं जुनं बटण तडकलं होतं, आणि मी त्याचंच भोक मोजलं. कॅलिपरने ६.३ मिलिमीटर दाखवलं, तेच कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये घातलं. थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं बटण टायमरमधून बाहेर येणाऱ्या शाफ्टवर नुसतंच गरगर फिरलं. तडकलेलं भोक फाकलेलं असतं, ते मूळ माप सांगतच नाही, हे तेव्हा सुचायला हवं होतं.

उद्यमनगरातल्या ओळखीच्या टर्नरने ते हातात घेऊन पाहिलं. “भोकाला काय विचारतायसा? शाफ्टला विचारा.”

शाफ्ट तीन ठिकाणी मोजला: ५.९५. एक बाजू सपाट, तिथून समोरच्या गोलाईपर्यंत ४.६. आता माप बरोबर आहे म्हणून मी भोकही नेमकं ५.९५ ठेवलं. इथेच घात झाला. प्रिंटरचं भोक मॉडेलपेक्षा थोडं लहानच येतं, कारण आतल्या वळणावर वितळलेलं प्लास्टिक आत ओढलं जातं. बटण बसेना. मी तळहाताने दाबून बसवलं. आईने धुण्याचा वेळ लावायला ते फिरवलं आणि कट्‌ असा आवाज आला. प्लास्टिकचा शाफ्ट बुंध्यातून मोडून बटणातच राहिला. मशिनमध्ये चादरी भिजत होत्या. आई काही बोलली नाही. नवा टायमर घ्यावा लागला, मेकॅनिकची मजुरी वेगळी. त्या पैशात किती बटणं आली असती, ते मोजू नका, मी मोजलंय.

नव्या टायमरचा शाफ्ट पुन्हा मोजला, तोच निघाला. आता OpenSCAD या कोड लिहून मॉडेल बनवायच्या प्रोग्रॅममध्ये फट वेगळी लिहितो:

```
shaft_d = 5.95;
flat = 4.6;
gap = 0.2;
intersection() {
  cylinder(d=shaft_d+gap, h=12, $fn=64);
  translate([-5, -(shaft_d+gap)/2, 0])
    cube([10, flat+gap, 12]);
}
```

हा भोकाचा आकार, तो बटणातून वजा करायचा. आधी अख्खं बटण छापत नाही. `gap` ०.१, ०.२, ०.३ ठेवून तीन मिलिमीटर जाडीच्या तीन चकत्या काढतो. बोटाच्या हलक्या दाबाने बसेल आणि फिरवताना डुगडुगणार नाही, ती चकती खरी. माझ्या प्रिंटरवर ०.२ जमलं, तुमच्यावर वेगळं येईल. आकडा एकाच जागी असल्यामुळे बाकी मॉडेलला हात लावावा लागत नाही.

मग तेव्हाच चकत्या का काढल्या नाहीत? दहा मिनिटं वाचवायची होती, दुसरं काय.

बटण चालतंय. आई अजून ते दोन बोटांनी, जपून फिरवते. मी तिसऱ्या दुकानात जायला हवं होतं का, हे ती विचारत नाही, तुम्ही मात्र विचारता.