शाळूची भाकरी आणि स्टार्चचा पाच मार्कांचा प्रश्न

सांगलीत फूड केमिस्ट्रीच्या थिअरी पेपरची तयारी करताना एक प्रश्न मी बरेच दिवस चुकीचा लिहीत होतो: जिलेटिनायझेशन आणि रेट्रोग्रेडेशन यांतला फरक. पहिलं गरम केल्यावर होतं, दुसरं त्याच्या अगदी उलट, असं मी लिहायचो. मार्क जातात ते याच 'उलट' शब्दापायी. एकदा फुगून फुटलेला स्टार्चचा कण थंड झाला म्हणून पूर्ववत होत नाही.

समजून घ्यायला मी कॉर्नफ्लोअर घेतलं. 200 मिली थंड पाण्यात 10 ग्रॅम कालवून मंद आचेवर ढवळत राहिलो, पातेल्यात थर्मामीटर ठेवून. साठ अंशांपर्यंत पाणी दुधाळच राहतं आणि ढवळणं थांबवलं की पीठ तळाला बसतं. पुढे साधारण 62 ते 72 अंशांत कणातली स्फटिकी रचना मोडते, कण पाणी ओढून फुगतात. हेच जिलेटिनायझेशन. सगळे कण एकदम फुगत नाहीत, म्हणून पेपरात एक आकडा न लिहिता पट्टा लिहावा. पोलराइज्ड सूक्ष्मदर्शकाखाली कच्च्या कणावर दिसणारी काळी फुली या टप्प्यात नाहीशी होते. हा पुरावा उत्तरात हमखास द्यावा. आणखी तापवलं की स्टार्चच्या दोन प्रकारच्या रेणूंपैकी अमायलोज कणाबाहेर झिरपतो, खळ घट्ट आणि अर्धपारदर्शक होते. या पुढच्या टप्प्याचं नाव पेस्टिंग.

शाळूच्या पिठात आधणाचं पाणी घालतात तेही याचसाठी. ज्वारीत ग्लूटेन नाही. थंड पाण्यात मळलेली भाकरी थापताना कडेला चिरते. गरम पाण्यानं थोडा स्टार्च फुगतो आणि तोच पीठ बांधून धरतो. पाणी कमी असल्यानं भाकरीत सगळे कण मात्र पूर्ण फुगत नाहीत.

आता रेट्रोग्रेडेशन. थंड होताना मोकळे झालेले रेणू हायड्रोजन बंधांनी पुन्हा शेजारी लागतात, पण नव्या मांडणीत. सरळ साखळीचा अमायलोज काही तासांतच जुळतो, म्हणून रात्री फ्रिजमध्ये ठेवलेली खळ सकाळी थरथरणारी वडी झालेली दिसते. दुसऱ्या, फांद्या असलेल्या अमायलोपेक्टिनला काही दिवस लागतात. साखळ्या जवळ आल्या की मधलं पाणी बाहेर ढकललं जातं. वडीभोवती साचलेलं ते पाणी म्हणजे सिनेरेसिस.

फ्रिजच्या चार अंशांच्या आसपास हे जुळणं सर्वांत वेगानं होतं. म्हणून भाकरी फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवलेली बरी, फ्रिजमध्ये ती लवकर कडक होते. फ्रीजरमध्ये पुरेशी गोठली तर रेणूंना हलताच येत नाही आणि प्रक्रिया जवळजवळ थांबते.

शिळी भाकरी तव्यावर पाण्याचा हात लावून शेकली की मऊ होते, कारण अमायलोपेक्टिनचे नवे स्फटिक 50 ते 60 अंशांच्या आसपास वितळू लागतात. अमायलोजचे स्फटिक वितळायला शंभराच्या बरंच वर तापमान लागतं, म्हणून शेकूनही ती ताज्यासारखी होत नाही.