जुळ्यातली कालवड: नळी सात सेंटिमीटरवर का अडली

गेल्या नोंदीत गाईला जुळं झाल्याचं लिहिलं होतं, एक गोऱ्हा आणि एक कालवड. दोन्ही वासरं धडधाकट आहेत, दूध ओढून पितात. कालवडीच्या निरणाखाली केसांचा जरा लांब झुपका आहे आणि आतला दाणा थोडा मोठा वाटतो. पण नुसत्या अशा खुणांवर मी तरी निकाल देणार नाही. गोऱ्ह्यासोबत जन्मलेल्या शंभर कालवडींपैकी नव्वदहून अधिक फ्रीमार्टिन, म्हणजे वांझ निघतात. आमची उरलेल्या थोडक्यांत बसते का, एवढंच पाहायचं होतं.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी बोथट टोकाची गुळगुळीत नळी वंगण लावून हलक्या हाताने योनिमार्गात सरकवली. या वयाच्या चांगल्या कालवडीत ती १३ ते १५ सेंटिमीटर आत जाते, फ्रीमार्टिनमध्ये साधारण ५ ते ८. आमची सातच्या आसपास अडली. अशा वेळी जोर लावायचा नाही, आतलं अस्तर फाटतं.

ती तिथेच का अडते, ही यातली खरी गंमत. गर्भ महिना-सव्वा महिन्याचे असतानाच बहुतेक जुळ्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात आणि रक्त इकडून तिकडे फिरू लागतं. गोऱ्ह्याची वृषणं लवकर कामाला लागतात. त्यांच्यातून स्रवणारं एएमएच हे संप्रेरक बहिणीच्या अंगातही पोचतं. ज्या नळ्यांपासून गर्भाशय, कमळमुख आणि योनीचा आतला भाग घडायचा, त्यांची वाढ ते खुंटवतं. अंडाशयंही खुरटी राहतात, कधीकधी त्यांत वृषणासारखी ऊती दिसते. योनिमार्गाचा बाहेरचा तुकडा मात्र वेगळ्या मुळापासून बनतो, म्हणून तो शाबूत राहतो. नळी नेमकी तो संपतो तिथे थांबते. बाहेरून कालवड चारचौघींसारखी दिसते ती यामुळेच.

मोजमापावर न थांबता रक्त पीसीआर तपासणीला दिलं. भावाच्या रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी बहिणीच्या अस्थिमज्जेत वस्ती करतात, त्यामुळे तिच्या रक्तात वाय गुणसूत्र सापडतं. केसांची मुळं पाठवून इथे भागत नाही. ही सरमिसळ मुख्यतः रक्तात असते, केसांत वाय न मिळताही जनावर फ्रीमार्टिन असू शकतं. अहवाल आला: वाय आहे. आखूड मार्ग आणि हा अहवाल एकत्र पाहता शंका उरली नाही. तिला माजाची वाट पाहत ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून ती आता पैदाशीच्या यादीतून बाहेर.

एकुलती जन्मली म्हणून कालवड सुटली असंही समजू नका. रक्तवाहिन्या जुळल्यानंतर भाऊ गर्भातच मेला आणि जिरला, तर एकटी जन्मलेली कालवडही फ्रीमार्टिन निघते. वयात येऊनही माजावर न येणाऱ्या कालवडीच्या बाबतीत ही शक्यता डॉक्टरांना जरूर विचारा. गुदमार्गे हात घालून तपासलं की कमळमुख लागत नाही. गोऱ्हा बहुधा प्रजननक्षम निघतो, पण वळू म्हणून ठेवण्याआधी त्याचं वीर्य तपासून घेणार आहे.