उरलेल्या तीन पट्ट्या

बायबलमधले दाखले, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथा, शिकवायला सोपे, असं मला बरीच वर्षं वाटायचं. छोटी गोष्ट, चारदोन पात्रं, शेवटी एक धक्का, झालं. पण वर्गात चौतीस मुलं, त्यातली सातआठ अजून अक्षरं जोडत जोडत वाचणारी आणि पाचसहा अशी की मी फळ्यावर शीर्षक लिहीपर्यंत त्यांचा उतारा वाचून संपलेला असतो, असं असलं की सोपं काही राहत नाही.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातल्या पहिल्या सोळा ओव्या. गोष्ट माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. मालक पहाटे मजूर आणतो, दिवसाला एक दिनार ठरवून. मग नऊला, बाराला, तीनला जाऊन आणखी आणतो आणि दिवस संपायला एक तास उरलेला असताना, म्हणजे पाचला, परत जातो तर अजून काहीजण उभेच. संध्याकाळी सगळ्यांना एकेक दिनार देतो. पहाटेचे चिडतात.

मागच्या वर्षी मी याच्या तीन वर्कशीट केल्या होत्या, तीन रंगांत, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. कच्च्या वाचकांसाठी गोष्ट सहा वाक्यांत बसवली. त्या नादात पाच वाजताच्या माणसांचं उत्तर कापलं. मालक विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे राहिलात, आणि ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. माझ्या सहा वाक्यांत हे नव्हतं. तर त्या गटातल्या जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं की मालकाने आळशी लोकांना पण पैसे दिले. मी लाल पेनने ‘नीट वाचा’ असा शेरा मारत बसले. चार वह्या झाल्यावर ट्यूब पेटली की त्यांनी नीटच वाचलंय, गोष्टच मी बदलून दिलीय. सोपं करताना नेमकी तीच ओळ गेली जिच्यावर विचार करायचा होता. वर रंगांचा घोटाळा वेगळाच, कारण कुठला रंग कुणाचा हे मुलांना दोन मिनिटांत कळतं, आणि मग पिवळा कागद उलटा करून दप्तराखाली.

तेव्हा डोक्यात एक गोष्ट पक्की झाली की वाचता न येणं आणि समजता न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गफ आणि टनमर या वाचनावर संशोधन करणाऱ्या दोघांनी 1986 मध्ये हे फार सुटसुटीत मांडलं होतं, वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार म्हटल्यावर एक बाजू शून्याजवळ असली की उत्तर पण शून्याजवळ, दुसरी बाजू कितीही दणकट असो. माझी बरीचशी कच्ची मुलं पहिल्या बाजूने कच्ची होती. आणि मी त्यांची दुसरी बाजू पण उपाशी ठेवत होते.

म्हणून या वर्षी गोष्ट कापायची नाही, वाचायचं ओझं तेवढं कापायचं असं ठरवलं. आधी मी सगळ्यांना दोनदा मोठ्याने वाचून दाखवली, पुस्तकं बंद. पाच शब्द आधीच बोलून घेतले, द्राक्षमळा, मजुरी, मुकादम, ठरणे आणि कुरकुर. कुरकुर करून दाखवा म्हटल्यावर वर्गाने जी काही कुरकुर केली ती बाजूच्या वर्गात ऐकू गेली असणार. मग कामं वेगळी, पण शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच, सकाळच्यांची तक्रार खरी आहे का, आणि उत्तराला गोष्टीतली एक तरी ओळ पुरावा म्हणून हवी.

कच्च्या वाचकांना जोडीजोडीने नऊ पट्ट्या, मोठ्या अक्षरात, एका पट्टीवर एक किंवा दोन वाक्यं. बोललेली वाक्यं एकही गाळायची नाहीत हा माझा नियम. त्या क्रमाने लावायच्या आणि प्रत्येक पट्टीपुढे पहाटेच्या मजुराचा चेहरा काढायचा, खूश की नाराज. (एक सांगून ठेवते, पट्ट्या कात्रीने कापू नका. पहिल्या वेळी दोन जोड्यांनी एक शब्द न वाचता नुसत्या वाकड्या कडा जुळवून क्रम लावला होता आणि मी शाबासकी पण दिली होती. स्केल धरून सरळ कापा.)

मधल्या गटाला पूर्ण उतारा आणि एक तक्ता, कोण कधी आलं, काय देईन असं सांगितलं, काय मिळालं. यात मधला रकाना महत्त्वाचा. पहाटेच्यांशी एक दिनार ठरला, नऊच्यांना ‘योग्य ते देईन’, आणि पाचच्यांना आमच्या उताऱ्यात नुसतं ‘तुम्हीही जा’. म्हणजे तो चौकोन रिकामाच राहायला हवा. अर्ध्या मुलांनी तिथे एक दिनार लिहिला, कारण शेवट माहीत होता. ती चूक झाली की मी फक्त विचारते, कुठल्या ओळीत आहे दाखव. मग बोट उताऱ्यावर फिरत राहतं आणि चौकोन खोडला जातो.

पक्क्या वाचकांसाठी मी लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ काढून ठेवला होता. सगळं उधळून परत आलेल्या धाकट्यासाठी बापाने मेजवानी दिली म्हणून तोही चिडलेला, इतकी वर्षं राबतोय आणि मला साधं करडू दिलं नाहीत म्हणणारा. दोन्ही तक्रारी शेजारी ठेवून बघा, असं काम होतं. चांगलं होतं, म्हणजे मला वाटत होतं.

तर सगळे कामाला लागले आणि मी फिरत फिरत पट्ट्यांच्या बाकांकडे आले. एका जोडीतला मुलगा, वाचायला उभा केला की ओळीत तीनदा अडकणारा, त्याने सहा पट्ट्या सरळ रांगेत लावल्या होत्या आणि तीन बाजूला काढून ठेवल्या होत्या. त्याचा जोडीदार चेहरे काढण्यात गुंग.

‘बाई, या तीन उरल्या. कुठंच बसत नाहीत.’

मी बघितलं. पहाटेच्यांना दिनार मिळाला ही पट्टी त्याने आधी लावली होती आणि पाचवाल्यांना मिळाला ती त्यानंतर. त्याच्या मते रांगेत आधी आलेल्याला आधी पैसे, सरळ हिशोब. उरलेल्या तीन अशा, ‘मालक मुकादमाला म्हणाला, शेवटी आलेल्यांपासून सुरुवात कर’, ‘पहाटेच्यांना वाटलं, आपल्याला जास्त मिळेल’, आणि तिसरी कुरकुरीची.

माझा हात पट्टी उचलून जागेवर ठेवायला निघालाच होता, सवयच ती. काय सुचलं माहीत नाही, विचारलं, ‘का नाही बसत?’

‘सकाळवाले पैसे घेऊन गेले ना घरी. ते कशाला ओरडतील? त्यांना कळलंच नाही बाकीच्यांना किती दिले ते.’

मी दोन सेकंद गप्पच. इतकी वर्षं हा दाखला शिकवते, मालकाचं औदार्य, पहाटेच्यांचा हेवा, सगळं बोलून झालंय, पण आठव्या ओवीतली ती सूचना मी कधी थांबून वाचली नव्हती. शेवटच्यांपासून सुरुवात कर. तेवढी एक सूचना उलटी करा, भांडणच होत नाही. पहाटेचे ठरलेला दिनार घेऊन खुशीत जातात, मालकाला काही बोलावं लागत नाही, ‘मी चांगला आहे म्हणून तुला हेवा वाटतो का’ हा प्रश्न कुणाला विचारायचाच राहत नाही. अख्खी गोष्ट त्या एका वाक्याला टांगलेली आहे.

त्याला म्हटलं, तुझ्या पट्ट्या अशाच राहू दे, हलवू नकोस. आणि पक्क्या वाचकांच्या टेबलावर जाऊन थोरला भाऊ गोळा करून घेतला. त्यांना सांगितलं, त्या बाकावर एक वेगळा क्रम लागलाय, जाऊन बघा, आणि परत येऊन लिहा की तो क्रम घेतला तर गोष्टीतून काय काय जातं. ते गेले. तो बोट ठेवून ठेवून त्यांना समजावत होता, पट्टीवरचं वाचत नव्हता, पाठच झालं होतं सगळं.

पुढची पंधरा मिनिटं तिथे चांगलीच जुंपली. एकाचं म्हणणं, मालकाने मुद्दाम केलं, त्याला पहाटेच्यांना दाखवायचंच होतं. दुसरी म्हणाली, मालकाने नाही, गोष्ट सांगणाऱ्याने केलं, मालकाला शांतता हवी असती तर तो असं कधीच करता ना. हा भेद बारा-तेरा वर्षांच्या मुलीने स्वतःहून काढला, मी फक्त एवढंच म्हटलं की दाखल्याच्या आधीची ओवी आणि शेवटची ओवी शेजारी ठेवून वाचा. एकोणिसाव्या अध्यायाची तिसावी ओवी आणि विसाव्याची सोळावी, दोन्हीकडे तेच, पहिले ते शेवटचे होतील आणि शेवटचे ते पहिले, फक्त क्रम उलटा. मग त्यांनाच दिसलं की पैसे वाटायची रांग म्हणजे तेच वाक्य, चालून दाखवलेलं. आणि मी एक्स्टेन्शन म्हणून काय देत होते, तर आणखी एक उतारा. जास्तीचं वाचन.

शेवटच्या प्रश्नावर त्या मुलाने तोंडी उत्तर दिलं, जोडीदाराने लिहून घेतलं. तक्रार खरी नाही, कारण एक दिनार ठरला होता, पण राग खरा आहे, कारण समोरच दिले. पुरावा म्हणून आठव्या ओवीची पट्टी चिकटवली. मी दोघांच्या नावापुढे ‘उत्तम’ लिहिलं.

ही वही नेमकी मालक आणि सांगणारा हा भेद काढणाऱ्या मुलीने बघितली. तिला पण ‘उत्तम’ होतं. म्हणाली, ‘बाई, आम्ही दीड पान लिहिलं, त्यांनी तीन ओळी, आणि शेरा सारखाच?’ मागून कुणीतरी ओरडलं, ‘ही बघा सकाळवाली!’ आणि वर्ग फुटला. ती पण हसली, पण लाल झाली होती.

तिचा मुद्दा हसण्यावारी न्यायचा नव्हता. मालकासारखं ‘माझ्या पैशाचं मी हवं ते करीन’ हे शिक्षकाला म्हणता येत नाही, शेरे काही माझ्या मालकीचे नाहीत. तिला म्हटलं, शेरा प्रश्नाच्या उत्तराला आहे, दावा आणि पुरावा एवढंच मोजलंय, आणि तुझी ती मालक आणि सांगणारा ही गोष्ट त्या मापात बसतच नाही, तिच्यासाठी मला वेगळं काहीतरी लिहायला हवं होतं. तिने मान हलवली, पण पटलं नव्हतं. आता तोच घोळ सोडवतेय, शेरा एकच ठेवायचा की प्रश्नाचा आणि वाचनाचा वेगळा.

वाचनाचा वेगळा ठेवला तर त्या मुलाचा काय येईल तेही मला माहीत आहे. दोन दिवसांनी त्याला एकट्याला बसवून तीच वाक्यं पुस्तकातून वाचायला दिली, पट्ट्या नाहीत, आधी ऐकवणं नाही. ‘मुकादमाला’ या शब्दावर तो अडकला, मग अंदाजाने ‘मालकाला’ म्हणून पुढे गेला.