९ टक्के महाग, १४ टक्के स्वस्त: डिचोलीतल्या काजू मशीनचं कर्ज

काजूचा हंगाम सुरू व्हायच्या आत सोलणी मशीन हवं होतं. ५ लाख, ३ वर्षं. फायनान्स कंपनी म्हणाली ९ टक्के फ्लॅट, बँक म्हणाली १४ टक्के रिड्युसिंग. पहिला आकडा लहान दिसतो, पण हे दोन टक्के एका मापाचे नाहीतच.

फ्लॅटमध्ये व्याज शेवटपर्यंत पूर्ण ५ लाखांवर लागतं. ३ वर्षांचं १,३५,००० होतं, हप्ता १७,६३९. त्यात व्याज दरमहा ३,७५० धरलेलं असतं. म्हणजे शेवटच्या महिन्यात मुद्दल जेमतेम १३,८८९ उरलेलं, तरी व्याज तेवढंच! बँकेचं व्याज शिल्लक मुद्दलावर, त्यामुळे ते उतरत जातं. तिथे हप्ता १७,०८९.

हप्त्यात फरक साडेपाचशेचा, म्हणून बरेच जण इथेच थांबतात. मी पुढचा प्रश्न विचारला: खात्यात नक्की किती जमा होणार? कंपनीची प्रोसेसिंग फी २ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ११,८००. शिवाय ८,००० विमा. हातात ४,८०,२००. बँकेची फी १ टक्का, जीएसटी धरून ५,९००, हातात ४,९४,१००. हिशेब या रकमेवरच करायचा, मंजूर रकमेवर नाही. वर्षाचा खरा दर एक्सेलमध्ये असा काढला, आधी कंपनीचा, मग बँकेचा:

```
=RATE(36,-17639,480200)*12
=RATE(36,-17089,494100)*12
```

हप्त्यापुढचं वजाचिन्ह विसरलं तर चूक दाखवतो. सेलला टक्केवारीचं रूप द्या, दोन दशांश ठेवा. कंपनीचं उत्तर साधारण १९.१५ टक्के, बँकेचं १४.८४.

पहिला हप्ता आगाऊ कापणार असतील तर हे गणित बदलतं. तेव्हा ३६ ऐवजी ३५ हप्ते आणि हातच्या रकमेतून आणखी १७,६३९ वजा करायचे. कंपनीचा तोच दर मग २० च्या वर जातो.

उत्तर पडताळायला कंपनीकडे 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाचे दर आणि खर्च एकत्र मांडणारा कागद, मागितलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना रिझर्व्ह बँकेने ते सक्तीचं केलं आहे. त्यात एपीआर, म्हणजे सगळे खर्च धरून वर्षाचा दर, द्यावाच लागतो. कंपनीच्या कागदावर तो १८ च्या आसपास होता, माझा १९.१५. दोन आकडे जुळत नसले की एखादा खर्च बाहेर राहिलेला असतो. एकेक खर्च काढून पाहिला, विमा वगळल्यावर १७.९६ आलं. कर्जदात्यामार्फत वसूल होणारा विम्याचा हप्ताही एपीआरमध्ये धरायचा असतो, हे दाखवल्यावर विमा ऐच्छिक आहे असं उत्तर आलं. तो काढूनही कंपनी बँकेपेक्षा ३ टक्क्यांनी महागच पडत होती.